काम आटोपून गेलं कोण?

पत्र वाचून तिला रडू आले. या वाक्यात मराठी माणसाला अडखळण्यासारखे काही दिसत नाही. पत्र तिनेच वाचले आणि रडूही तिलाच आले. शाळेत इंग्रजीच्या तासाला मात्र हेच वाक्य भाषांतरासाठी फळ्यावर येते आणि मागच्या बाकावरचा हुशार मुलगा 'वाचून' म्हणजे 'हॅविंग रेड' असे धरून धडाधड लिहून टाकतो : 'हॅविंग रेड द लेटर, टिअर्स केम टु हर आइज.' शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, क्रियापदाचे तिसरे रूपही बरोबर. तरीही बाईंची लाल रेघ येते, कारण इंग्रजीच्या नियमाने या वाक्याचा अर्थ असा होतो की पत्र अश्रूंनी वाचले आणि मग ते तिच्या डोळ्यांत आले.

चूक झाली ती मुलाची समजूत कमी होती म्हणून नव्हे. तो मराठीत विचार करत होता, आणि मराठीतला 'ऊन' इंग्रजीतल्या 'हॅविंग'चा जुळा भाऊ वाटतो. चेहरा इतका सारखा की घरातलीही फसावीत. दोघांचे काम एकच : एकाच माणसाने पाठोपाठ केलेल्या दोन गोष्टी एका वाक्यात बांधायच्या. फरक आहे तो एवढाच, की पहिल्या गोष्टीचा कर्ता कोण हे दोघे वेगवेगळ्या जागी शोधतात. बहुतेक सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

आधी घरचा 'ऊन' जवळून पाहू. दोन सुटी वाक्ये घ्या. 'मंदाने भाकऱ्या भाजल्या.' 'मंदा शेतावर गेली.' ही जोडली की होते : 'मंदा भाकऱ्या भाजून शेतावर गेली.' जोडताना काय काय गळाले ते मोजण्यासारखे आहे. पहिल्या वाक्यातला 'ने' गेला. 'भाजल्या' हे रूप भाकऱ्यांच्या मागे स्त्रीलिंगी अनेकवचनी झाले होते, ते लिंग गेले, वचन गेले. भूतकाळही गेला. उरला नुसता धातू आणि त्याला चिकटलेला 'ऊन'. शाळेच्या व्याकरणात याला पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय म्हणतात. त्यातला 'अव्यय' हा शब्द इथे अगदी नेमका आहे, कारण भाकरी एक असो की दहा, भाजणारी मंदा असो की गणू, 'भाजून' बदलत नाही. काळ हवा असेल तर तो शेवटच्या क्रियापदाकडून उसना मिळतो. मंदा भाकऱ्या भाजून शेतावर जाते, गेली, जाईल. 'भाजून' तिन्ही वेळा तेच.

आता वाक्य उलटे करू. 'मंदाने शेतावर जाऊन भाकऱ्या वाढल्या.' इथे 'ने' परत आला. 'मंदाने गेली' असे कुणी म्हणत नाही, म्हणजे तो 'जाऊन'मुळे आलेला नाही. तो 'वाढल्या'मुळे आला. मंदाला कोणता प्रत्यय लागायचा हे शेवटचे क्रियापद ठरवते. मधला 'ऊन' त्यात तोंड घालत नाही. मराठी बोलणारे चार वर्षांचे पोरही हा हिशेब न चुकता करते. मोठेपणी मराठी शिकू पाहणाऱ्याला मात्र तो सहजासहजी साधत नाही.

इंग्रजीचा 'हॅविंग' बांधायला सोपा आहे. 'हॅविंग' आणि क्रियापदाचे तिसरे रूप, मग स्वल्पविराम, मग मुख्य वाक्य. 'हॅविंग फिनिश्ड द वर्क, ही वेन्ट होम' म्हणजे काम आटोपून तो घरी गेला. 'ऊन'प्रमाणेच यालाही स्वतःचा काळ नाही. काम आधी संपले एवढेच तो सांगतो, बाकीचे मुख्य क्रियापदावर सोडतो. 'हॅविंग'च्या तुकड्यात कर्ता दिसतही नाही. मग तो कुठे शोधायचा? इंग्रजीचे उत्तर ठाम आहे. स्वल्पविराम ओलांडला की मुख्य वाक्याच्या कर्त्याच्या खुर्चीत जो बसला असेल, तोच 'हॅविंग'चा कर्ता. माणूस बसला असेल तर माणूस, आणि अश्रू बसले असतील तर अश्रू.

मराठी खुर्ची पाहत नाही. 'तिला रडू आले' यात व्याकरणाने पाहिले तर आले ते 'रडू'. 'ती' बिचारी चतुर्थीच्या प्रत्ययात आहे. तरी 'वाचून'चा कर्ता शोधताना मराठी कान सरळ 'तिला'कडे जातो, कारण ज्याच्यावर गोष्ट गुदरली तो माणूस तिथे आहे. 'मुलांना दमून झोप लागली' यात दमली ती मुले, झोप नव्हे. 'मला घरी जाऊन कळले' यात घरी गेलो तो मी. राग येणे, भूक लागणे, आठवण होणे, समजणे, आवडणे ही सगळी 'ला'वाली क्रियापदे अशीच वागतात, आणि मराठी माणसाच्या मनातले बरेचसे व्यवहार याच क्रियापदांनी चालतात. म्हणून भाषांतरात घसरण्याची जागाही हीच. या मुलाला सुटका करून घ्यायची असेल तर माणसाला खुर्चीत बसवायचे : 'हॅविंग रेड द लेटर, शी बर्स्ट इन्टु टिअर्स.' किंवा 'हॅविंग' सोडून द्यायचा आणि 'व्हेन शी रेड द लेटर' असे साधे सुरू करायचे. दुसरा उपाय जास्त बिनधोक.

दोन क्रियांचा करणारा एक असावा, ही अट आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातले 21वे सूत्र याच विषयावर आहे. 'गत्वा', 'कृत्वा' यांतला प्रत्यय कधी लावायचा ते तिथे सांगितले आहे : दोन क्रियांचा कर्ता समान असेल तेव्हा, आणि तोही त्यांतल्या आधी घडणाऱ्या क्रियेला. पाणिनीने 'प्रथमा विभक्तीतले नाम' असे म्हटले नाही, 'कर्ता' म्हटले, आणि त्याच्या व्यवस्थेत कर्ता म्हणजे क्रिया करणारा. तो प्रथमेत असेल, नाहीतर तृतीयेत असेल. इंग्रजीची खुर्ची आणि पाणिनीचा कर्ता यांत हाच फरक आहे, आणि मराठी पाणिनीच्या बाजूची आहे. 'रामाने जेवून पुस्तक वाचले' यात क्रियापद पुस्तकाच्या लिंगावर गेले आहे, पण पुस्तक जेवले असे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. इंग्रजीत हेच कर्मणीत टाकून पाहा : 'हॅविंग ईटन, द बुक वॉज रेड बाय राम.' इथे पुस्तकच जेवायला बसते.

'ऊन' आपल्याकडे आला तो मात्र 'गत्वा', 'कृत्वा'च्या रूपात नाही. वाटेत महाराष्ट्री प्राकृत लागते. गाथासप्तशतीच्या त्या भाषेत करून म्हणजे 'काऊण', ऐकून म्हणजे 'सोऊण', पाहून म्हणजे 'दट्ठूण'. आजचा मराठी माणूस 'सोऊण' ऐकून अर्थ सांगू शकणार नाही, पण शब्दाचे शेपूट ओळखीचे वाटेल. ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत तेच 'करूनि', 'करूनियां' असे दिसते, आणि पुढे शेवटचा स्वर झडून 'करून' राहिले. शेजारच्या हिंदीने हे शेपूट सोडून 'करके', 'जाकर' अशी वेगळी सोय केली. तरी माळ ओवायची सवय सगळ्यांची एकच. कन्नड, तमिळ या वेगळ्या कुळातल्या भाषाही कामे अशीच ओवतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी 1976 साली दक्षिण आशियाला एक भाषिक प्रदेश ठरवताना जी लक्षणे तपासली, त्यांत हेही एक होते.

इतका जुना नियम असूनही तो पहिल्यापासून पुरता बसलेला नाही, हे व्याकरणकारांनाच आधी कळले. पाणिनीवर वार्तिके लिहिणाऱ्या कात्यायनाने एक खोडी काढली. तोंड उघडून झोपणाऱ्या माणसाचे काय? 'उघडून' म्हणजे आधी तोंड उघडले आणि मग झोपला, असे नियम सांगतो. पण कुणी तोंड उघडून ठेवून झोपेची वाट पाहत नाही. आधी झोप लागते, मग तोंड उघडते. ज्याच्या शेजारी कधी एसटीत कुणी घोरत झोपले असेल, त्याला हा मुद्दा पटायला वार्तिक वाचावे लागणार नाही.

कात्यायनाचा तो झोपाळू मराठीतही मजेत नांदतो आहे. 'तो हसून म्हणाला' यात हसणे संपवून मग बोलणे सुरू झाले असे नाही, हसतहसतच तो बोलला. 'उभे राहून जेवू नये' यात उभे राहणे आणि जेवणे बरोबरच चालते. 'ऊन' इथे आधीची क्रिया सांगत नाही, क्रिया कशी झाली ते सांगतो. अशा ठिकाणी 'हॅविंग' घातला की अर्थ मोडतो. 'हॅविंग लाफ्ड, ही सेड' म्हटले तर तो आधी यथासांग हसला, थांबला, आणि मग बोलला. इंग्रजीत तिथे 'ही सेड विथ अ स्माइल' पुरते. 'श्रीमंत असून कंजूष' यातला 'असून' तर आधीही नाही आणि बरोबरही नाही. त्याचा अर्थ 'तरीसुद्धा' असा आहे. आणि 'म्हणून' हा मुळात 'म्हण' धातूचाच 'ऊन', पण त्यातले म्हणणे कधीच संपले, आता त्याने नुसते कारण उरले आहे. निवडणुकीच्या घोषणेतला 'येऊन येऊन येणार कोण' हा प्रकार तर कोणत्याही व्याकरणाच्या चौकटीत बसवायला जाऊ नये. बसवणारा दमून जाईल.

नकाराची गोष्ट वेगळी. इंग्रजीत 'हॅविंग'च्या आधी 'नॉट' लावला की काम झाले. मराठीत 'जेवून'चा नकार 'न जेवून' होत नाही, तो 'न जेवता' होतो. 'तो न जेवता गेला.' सोय म्हणून एक प्रत्यय टाकून दुसरा घेतला आहे. 'न जेवून सांगतो कुणाला' असे चिडून म्हणतात खरे, पण तो नकार नव्हे, तो धमकीवजा होकार आहे. बाहेरून मराठी शिकणारे इथे हटकून अडतात. आणि 'तो जेवून गेला नाही' असे म्हटले तर? 'नाही' लागला आहे तो 'गेला'ला, पण यजमानीणबाई हे वाक्य बोलतात तेव्हा पाहुणा गेलेला असतो आणि ताट झाकलेले असते. नकार मागे सरकून 'जेवून'वर जाऊन बसतो.

समान कर्त्याची अट मराठीत खरोखर कुठे मोडते हे पाहायचे असेल तर वर्तमानपत्र उघडावे. 'भिंत कोसळून दोघांचा मृत्यू.' 'रिक्षा उलटून तिघे जखमी.' 'विजेचा धक्का लागून बैल दगावला.' कोसळली भिंत आणि मेले लोक. उलटली रिक्षा आणि लागले प्रवाशांना. दोन कर्ते आहेत, तरी एकाही वाचकाला खटकत नाही. मथळ्याच्या चार शब्दांत कारण आणि परिणाम दोन्ही बसवायचे तर उपसंपादकाला याहून सोयीचे दुसरे काही नाही. शेतकऱ्याच्या बोलण्यातही तेच : 'पाऊस पडून ज्वारी आडवी झाली.' वर्षे मोजतानाही अट ढिली पडते : 'तिचं लग्न होऊन पाच वर्षं झाली.' झाले लग्न आणि झाली वर्षे, कर्ते वेगळे.

मग मराठीत अट आहे तरी का? आहे. 'आई स्वयंपाक करून बाबा जेवले' असे म्हणून पाहा. वाक्य ऐकल्यावर कान लगेच नापास करतो. सूट मिळते ती न ठरवता घडलेल्या गोष्टींना. भिंत ठरवून कोसळत नाही, पाऊस ठरवून पडत नाही, आणि एकातून दुसरी गोष्ट आपोआप निघते. दोन्हीकडे हातपाय हलवणारी, मनाने वागणारी माणसे आली की सूट संपली. तिथे मराठी दुसरे हत्यार काढते : 'आईने स्वयंपाक केल्यावर बाबा जेवले.' 'केल्यावर'ला कर्ता एक असो की दोन, चालते. आईचा 'ने'ही त्याने शाबूत ठेवला आहे, म्हणजे आई स्वतःच्या क्रियेची मालकीण राहिली.

इंग्रजीलाही अपघात सांगायचे असतातच. ती 'हॅविंग'च्या आधी त्याचा वेगळा कर्ता उघड बसवते : 'द वॉल हॅविंग कोलॅप्स्ड'. पण हे रूप कोर्टाच्या कागदांत आणि जुन्या पुस्तकांत शोभते. रोजच्या बातमीत इंग्रज सरळ 'व्हेन' किंवा 'आफ्टर' वापरतो. स्वतः इंग्रजही खुर्चीचा नियम नेहमी पाळतात असे नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजाचे भूत आपल्या खुनाची पसरवलेली कथा सांगते : आपण बागेत झोपलो असता सापाने दंश केला म्हणे. तिथे 'हॅविंग' नाही, नुसता 'इंग' आहे, पण त्या इंग्रजी वाक्याची बांधणी नियमावर घासली तर बागेत झोपलेला निघतो साप. प्रेक्षकांना अर्थ कळतो आणि नाटक पुढे जाते. परीक्षेच्या पेपरात ही सवलत मिळत नाही.

शाळेपेक्षा हा घोटाळा जास्त भोवतो तो कचेरीत. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त घ्या. मराठीत लिहिलेले असते : 'सविस्तर चर्चा करून ठराव मंजूर करण्यात आला.' चर्चा कुणी केली? सभासदांनी. ठराव कुणी मंजूर केला? सभासदांनी. सभासद वाक्यात कुठेच नाहीत, आणि तरी मराठीत वाक्य उभे आहे, कारण दोन्ही क्रियांचा करणारा मनात एकच आहे. आता बँकेला किंवा परदेशातल्या सदनिकाधारकाला पाठवायला त्याचे इंग्रजी करायचे आहे. 'हॅविंग डिस्कस्ड इन डिटेल, द रेझोल्युशन वॉज पास्ड.' खुर्चीत ठराव बसला आहे, म्हणजे ठरावानेच चर्चा केली. अर्थ कुणाला कळणार नाही असे नाही. पण नीट इंग्रजी जाणणाऱ्याला ते खटकते, आणि कज्जा उभा राहिला तर कुणी काय केले हेच वाक्यातून गायब असते.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. सभासदांना खुर्ची द्या : 'हॅविंग डिस्कस्ड द मॅटर इन डिटेल, द मेंबर्स पास्ड द रेझोल्युशन.' नाहीतर 'हॅविंग' काढा आणि 'आफ्टर अ डिटेल्ड डिस्कशन' असे नाम वापरा. नामाला कर्ता लागत नाही, त्यामुळे ठराव खुशाल खुर्चीत बसू दे. 'पाहणी करून अहवाल सादर करण्यात आला', 'अर्ज तपासून परवानगी देण्यात आली' या सगळ्या सरकारी वाक्यांना हीच मात्रा लागू पडते.

तपासायची खूण साधी आहे. इंग्रजी वाक्यातल्या स्वल्पविरामानंतरच्या कर्त्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, हे काम याने केले का? अश्रूंनी पत्र वाचले का? ठरावाने चर्चा केली का? उत्तर नाही आले की वाक्य फिरवायचे.

आणखी एक फरक पोटात घालून ठेवावा लागतो. 'ऊन' दिवसभर राबतो, 'हॅविंग' सणासुदीला बाहेर निघतो. 'दूध तापवून, डबा भरून, मुलाला शाळेत सोडून ती बँकेत गेली.' मराठीत तीन 'ऊन' ओळीने आले तरी ओझे वाटत नाही, उलट बाईची सकाळ कशी धावली ते कानाला कळते. तिथे तीन 'हॅविंग' लावून पाहिले तर इंग्रजी वाक्य लग्नाच्या मिरवणुकीसारखे रेंगाळते. चांगला भाषांतरकार पहिली दोन कामे 'अँड'ने जोडून साध्या भूतकाळात टाकतो, आणि 'हॅविंग' एकदाही वापरत नाही, फार तर शेवटच्या कामाला 'आफ्टर' लावतो. आज्ञेत तर 'हॅविंग' मुळीच चालत नाही. 'हात धुऊन ये' याचे इंग्रजी 'वॉश युअर हँड्स अँड कम'.

'धुऊन' लिहिले की मुद्रितशोधकाची आठवण होते. धातूतच 'व' असेल तर 'वून' : ठेव, ठेवून, धाव, धावून, शिव, शिवून. 'व' नसेल तर 'ऊन' : जा, जाऊन, घे, घेऊन, धू, धुऊन. दुकानांच्या पाट्यांवर 'येवून', 'जावून', 'घेवून' सर्रास दिसतात. त्यांत 'व' कुठून आला हे धातूला विचारले तर धातू कानावर हात ठेवील.

सोसायटीच्या चिटणिसांनी पुढच्या वेळी इतिवृत्ताचे इंग्रजी करताना निदान 'द मेंबर्स' एवढे दोन शब्द विसरू नयेत.